दूरचा पुट: पडझडीचा विमा घ्यायचा कसा, त्याची किंमत किती आणि तो विकायचा कधी

१३ मार्च २०२०, शुक्रवार. बाजार उघडला आणि काही मिनिटांतच निफ्टी १० टक्के खाली जाऊन अडकला. लोअर सर्किट. ४५ मिनिटं व्यवहार बंद. माझ्याकडे तेव्हा मार्च एक्स्पायरीचे ९,५०० च्या स्ट्राइकचे, म्हणजे निफ्टी ९,५०० या ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क देणारे, पुट होते. जानेवारीत निफ्टी १२,००० च्या वर असताना ते अगदी थोड्या प्रीमियमला घेतले होते आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ते जवळपास मातीमोल झाले होते. त्या सकाळी निफ्टीने ८,५५५ चा तळ दाखवला, म्हणजे निफ्टी स्ट्राइकच्या ९४५ पॉइंट खाली, पुट तेवढा आत होता. संध्याकाळी निफ्टी बंद झाला ९,९५५ वर. तोच पुट आता ४५५ पॉइंट बाहेर. एका दिवसात एवढं सगळं घडलं आणि स्क्रीनसमोर बसून मला कळलं, की पुट घ्यायचा कधी याचा मी भरपूर विचार केला होता, पण विकायचा कधी हे कुठेच लिहून ठेवलं नव्हतं.

हा लेख नव्या माणसासाठी आहे. ज्याच्याकडे शेअर किंवा इक्विटी म्युच्युअल फंड आहेत, ऑप्शन म्हणजे काय हे ऐकून माहीत आहे आणि मोठ्या पडझडीसाठी स्वस्तातला दूरचा पुट घेऊन ठेवावा का, असा प्रश्न ज्याला पडला आहे, त्याच्यासाठी. उत्तर सरळ हो किंवा नाही असं नाही. ते आकड्यांत आहे, म्हणून एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ.

आधी हे नेमकं काय आहे

पुट म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क. निफ्टी २५,००० वर असताना तुम्ही २०,००० चा पुट घेतलात, तर एक्स्पायरीच्या दिवशी निफ्टी २०,००० च्या जेवढा खाली असेल तेवढे पॉइंट तुम्हाला रोखीत मिळतात. निफ्टी २०,००० च्या वर राहिला तर काहीच मिळत नाही आणि भरलेला प्रीमियम गेला. यापेक्षा जास्त नुकसान पुट विकत घेणाऱ्याचं होऊ शकत नाही. मार्जिन नाही, मध्येच पैसे भरा म्हणून फोन नाही.

२०,००० म्हणजे चालू भावापेक्षा २० टक्के खाली. यालाच दूरचा किंवा डीप आउट ऑफ द मनी पुट म्हणतात. तो स्वस्त असतो, कारण तिथपर्यंत निफ्टी दोन-तीन महिन्यांत जाण्याची शक्यता फार कमी. पण वाटतो तेवढा तो स्वस्त नसतो, हेही सुरुवातीलाच समजून घ्या. ऑप्शनच्या भावात बाजाराला अपेक्षित असलेली हालचाल दडलेली असते, तिला इम्प्लाइड व्होलॅटिलिटी किंवा नुसतं आयव्ही म्हणतात. ऑप्शन चेन उघडून पाहिलीत तर चालू भावाजवळच्या पुटचा आयव्ही समजा १३ असेल, तेव्हा २० टक्के खालच्या पुटचा २२-२४ दिसेल. पडझडीची भीती सगळ्यांनाच असते, विमा घेणारे नेहमी जास्त आणि विकणारे कमी. ती भीती दूरच्या पुटच्या भावात आधीच धरलेली असते. म्हणून वर्षानुवर्षं नुसतेच पुट घेत राहणाऱ्याला सरासरीत तोटा होतो. हा तोटा म्हणजेच विम्याचा हप्ता.

पायरी पहिली: आपल्याला किती लॉट लागतात

समजा तुमची इक्विटी ५० लाखांची आहे आणि निफ्टी २५,००० वर आहे. लॉट ६५ चा धरू. (लॉटचा आकार बदलत असतो. २०२० साली तो ७५ होता, २०२४ मध्ये काही महिने २५ होता, नंतर परत ७५ झाला. ऑर्डर टाकण्याआधी स्क्रीनवर बघून घ्या.) एका लॉटमागे २५,००० गुणिले ६५, म्हणजे सव्वासोळा लाखांची इक्विटी झाकली जाते. ५० लाखांना साधारण तीन लॉट.

इथे नव्या माणसाची पहिली चूक होते. हे गणित तुमचा पोर्टफोलिओ निफ्टीसारखा चालतो असं धरून केलेलं आहे. इंडेक्स फंड किंवा लार्ज कॅप फंड असेल तर ते बऱ्यापैकी खरं. पण स्मॉल कॅप भरून ठेवले असतील तर नाही. २०१८ साल आठवा. निफ्टीने ते वर्ष ३ टक्क्यांच्या वाढीने संपवलं आणि त्याच वर्षी स्मॉल कॅप निर्देशांक चौथ्या हिश्शाहून जास्त घसरला. निफ्टीच्या पुटने त्या वर्षी स्मॉल कॅपवाल्यांना एक रुपया दिला नसता. आणि २०२० सारख्या पडझडीत स्मॉल कॅप निफ्टीपेक्षा खोल जातात, तिथे तीन लॉट कमी पडतात. निफ्टीच्या पुटने निफ्टीचा धोका झाकला जातो, तुमच्या आवडत्या शेअरचा नाही.

पायरी दुसरी: कुठला स्ट्राइक, कुठली एक्स्पायरी

माझं उत्तर: २० टक्क्यांच्या आसपास खालचा गोल आकडा आणि साधारण तीन महिन्यांवरची मासिक एक्स्पायरी.

गोल आकडा अशासाठी, की दूरच्या महिन्यात २०,००० किंवा १९,५०० ला खरेदी-विक्री होते, १९,६५० ला समोर कोणी उभा नसतो. तीन महिने अशासाठी, की साप्ताहिक पुट दिसायला चार-पाच रुपयांचा असला तरी तो पाच दिवसांचा विमा आहे. बावन्न आठवडे तो घेत राहिलात तर हप्ता जास्त पडतो आणि एक आठवडा चुकला की विमा नाही. उलट वर्षभराचा पुट घ्यायचा तर निफ्टीत डिसेंबर-जूनचे लांबचे करार असतात, पण त्यांत खरेदी आणि विक्रीच्या भावांतलं अंतर मोठं आणि प्रीमियमही मोठा. पगारदार माणसाने तिथे जाऊ नये असं मला वाटतं.

तीन महिन्यांचा पुट शेवटपर्यंत ठेवायचाही नाही. दोन महिने झाले, एक महिना उरला, की उरलेल्या किमतीला विकायचा आणि परत त्या दिवशीच्या निफ्टीपेक्षा २० टक्के खालचा, तीन महिन्यांचा घ्यायचा. याला रोल करणं म्हणतात. शेवटच्या महिन्यात दूरच्या पुटमध्ये जीव उरत नाही. अगदी भयानक काही घडल्याशिवाय तो हलतच नाही. रोल केल्याने आणखी एक गोष्ट होते. निफ्टी दरम्यान २७,००० वर गेला असेल तर २०,००० चा पुट आता २६ टक्के खाली राहिलेला असतो, नवा पुट २१,६०० च्या आसपासचा घेतला की विमा परत वर सरकतो.

पायरी तिसरी: हप्ता मोजा

इथून पुढचे भाव मी ऑप्शनच्या नेहमीच्या सूत्राने काढले आहेत. ते एखाद्या ठराविक दिवसाचे बाजारभाव नव्हेत, पण शांत बाजारात अशाच पट्ट्यात असतात.

निफ्टी २५,०००, स्ट्राइक २०,०००, मुदत तीन महिने, आयव्ही २४. पुटचा भाव सुमारे २५ रुपये. एक लॉट १,६२५ रुपये, तीन लॉट ४,८७५. दोन महिन्यांनी काहीच घडलं नाही तर, मुदत कमी उरल्याने वाढलेला ३१-३२ चा आयव्ही धरून, तो चार रुपयांच्या आसपास उरतो, विकून ७८० रुपये परत. म्हणजे दोन महिन्यांचा निव्वळ खर्च ४,१०० च्या आतबाहेर. वर्षातून सहा वेळा केलं तर साधारण २४,५०० रुपये. ५० लाखांवर अर्धा टक्का. ब्रोकरेज आणि भावांतल्या अंतराचा खर्च वेगळा, तो धरून पाऊण टक्क्याच्या खाली ठेवता आला पाहिजे.

अर्धा टक्का ऐकायला काहीच नाही. पण तो दरवर्षी जातो आणि ज्या वर्षी काही घडत नाही, त्या वर्षी त्या बदल्यात हातात काहीही दिसत नाही. माझ्या वहीत एक रकाना आहे: तारीख, स्ट्राइक, दिलेला प्रीमियम, परत आलेला. ओळीमागून ओळ. २५ दिले, ४ आले. २२ दिले, ३ आले. एकदा बायकोने ती वही पाहिली आणि विचारलं, "हे पैसे दर दोन महिन्यांनी जातात कुठे?" तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. तो प्रश्न ज्याला घरात किंवा मनात पडणार आहे, त्याने त्याचं उत्तर पहिला पुट घेण्याआधी शोधावं. तीन वर्षं हप्ता भरून चौथ्या वर्षी बंद करणाऱ्याचा खर्च पूर्ण होतो आणि विमा शून्य.

हे मोठ्यांनाही जमलेलं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा कॅल्पर्स हा प्रचंड पेन्शन फंड आहे. त्यांनी अशाच टेल हेजचे, म्हणजे मोठ्या पडझडीच्या विम्याचे, करार घेतले होते. खर्च जास्त वाटतो म्हणून ते गुंडाळले आणि त्यानंतर थोड्याच काळात २०२० ची पडझड आली. ते राहिले असते तर एक अब्ज डॉलरच्या वर मिळाले असते, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. तिथे बसलेले लोक अभ्यासू होते. पण वर्षानुवर्षं तोटा दाखवणारी ओळ कुठल्याही अहवालात डोळ्यांत खुपते.

पायरी चौथी: मिळतं कधी आणि किती

तोच २०,००० चा पुट. घेऊन एक महिना झाला आहे.

निफ्टी झपाट्याने १२ टक्के पडून २२,००० वर आला. आयव्ही ३२ झाला. पुट अजून २,००० पॉइंट बाहेर आहे, तरी त्याचा भाव सुमारे ३७० होतो. २५ चे ३७०, पंधरापट. तीन लॉटचे ७२,००० रुपये. पोर्टफोलिओचं नुकसान सहा लाख, म्हणजे मदत थोडीच. पण दोन गोष्टी इथे घडल्या आहेत: निफ्टी स्ट्राइकच्या जवळ सरकला आणि भीतीमुळे सगळेच पुट महागले. दूरच्या पुटची खरी ताकद या दुसऱ्या गोष्टीत असते. तो आत यावाच लागतो असं नाही.

निफ्टी २५ टक्के पडून १८,७५० वर आला, आयव्ही ५५. आता भाव सुमारे २,४००. शहाण्णवपट. तीन लॉटचे ४ लाख ६८ हजार. पोर्टफोलिओ साडेबारा लाखांनी खाली आहे, त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग परत हातात, तोही रोखीत, ज्या दिवशी सगळं स्वस्त आहे त्या दिवशी. २०२० च्या मार्चमध्ये इंडिया व्हिक्स, म्हणजे निफ्टी ऑप्शनच्या भावांवरून बाजाराची भीती मोजणारा निर्देशांक, ८० च्या वर गेला होता, म्हणून ५५ हा आकडा काही फुगवलेला नाही.

आता तिसरी गोष्ट, जी विमा विकणारे सांगत नाहीत. निफ्टी पडला, पण हळूहळू पडला तर? सप्टेंबर २०२४ च्या शेवटी निफ्टी २६,२०० च्या वर बंद झाला होता. ४ मार्च २०२५ ला तो २२,०८२ वर होता. पाच महिन्यांत जवळपास १६ टक्के. त्या काळात एकही दिवस खरी घबराट नव्हती, रोज थोडं थोडं गेलं. २० टक्के खालचा पुट घेऊन दर दोन महिन्यांनी रोल करणाऱ्याला त्या संपूर्ण घसरणीत जवळपास काही मिळालं नाही. प्रत्येक रोलला स्ट्राइक निफ्टीबरोबर खाली सरकला आणि निफ्टी कधी त्याच्या जवळ पोचलाच नाही. पोर्टफोलिओचं नुकसान झालं आणि वरून हप्ताही गेला.

त्याच्या उलट टोकाला ४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस. निफ्टी एका दिवसात जवळपास ६ टक्के पडला, पुट दुपारी फुगले आणि दुसऱ्या दिवशी निफ्टी ३ टक्क्यांहून जास्त वर आल्यावर परत बसले. अशा दिवशीही दूरचा पुट फारसं देत नाही.

म्हणजे हा विमा एकाच प्रकारच्या संकटाचा आहे: खोल आणि वेगाने आलेली पडझड. निफ्टीवर ऑप्शन सुरू झाले जून २००१ मध्ये. तेव्हापासून तशी मोठी उदाहरणं बोटांवर मोजण्यासारखी आहेत. मे-जून २००६ मध्ये पाच आठवड्यांत सुमारे ३० टक्के, २००८ चा जानेवारी आणि मग ऑक्टोबर, आणि २०२० चा फेब्रुवारी-मार्च. ऑक्टोबर २००८ पर्यंत भीती आधीच पसरलेली होती, पुट महाग झाले होते, त्यामुळे तिथे शहाण्णवपट वगैरे मिळण्याचा प्रश्न नव्हता.

हिशेब जुळतो का

आता मागचे दोन आकडे शेजारी ठेवा. वर्षाला २४,५०० जातात, मोठ्या पडझडीत ४ लाख ६८ हजार येतात. भागाकार केला तर एकोणीस वर्षं. म्हणजे अशी पडझड एकोणीस वर्षांतून एकदा आली आणि तुम्ही पुट अगदी छान भावाला विकलात, तर पैशांत बरोबरी. निम्म्या भावाला विकलात तर दर साडेनऊ वर्षांनी एकदा यायला हवी. इतिहास बघता हे आतबाहेर आहे. नुसत्या पैशांच्या हिशेबाने हा व्यवहार फायद्याचा आहे असं मी म्हणणार नाही.

तुलना कशाशी करायची, हा खरा प्रश्न आहे. पुट न घेता ५० लाखांतले ५ लाख लिक्विड फंडात ठेवले तर? चांगल्या वर्षांत इक्विटीपेक्षा ५-६ टक्के कमी मिळाले असं धरलं, तर त्याचीही किंमत वर्षाला २५-३० हजार पडते. जवळपास तेवढाच हप्ता. आता दोन्हींकडून काय मिळतं ते बघा. १६ टक्क्यांच्या संथ घसरणीत ५ लाख लिक्विडमध्ये असल्याने ८०,००० वाचतात, पुटमधून शून्य. २५ टक्क्यांच्या झटपट पडझडीत लिक्विडने सव्वा लाख वाचतात, पुटमधून पावणेपाच लाखांच्या जवळ येतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्याकडे अजून आणीबाणीची रक्कम नाही, ज्याची कर्जं डोक्यावर आहेत किंवा ज्याची इक्विटी पंधरा-वीस लाखांच्या आत आहे, त्याने पुटच्या वाटेला जाऊ नये. थोडी रक्कम लिक्विड फंडात ठेवली की बहुतेक काम होतं आणि ते सगळ्या प्रकारच्या घसरणीत होतं. पुटचा उपयोग त्याला आहे, ज्याला इक्विटी कमी करायची नाही आणि पडझडीच्या तळाशी नव्याने खरेदीला पैसा हवा आहे. ५० लाख पडून साडेसदतीस झाले असताना हातात ४ लाख ६८ हजार आले आणि ते त्याच आठवड्यात इंडेक्स फंडात गेले, तर निफ्टी परत २५,००० वर येईपर्यंत ते सव्वासहा लाखांच्या घरात जातात. हिशेब खरा इथे जुळतो.

पायरी पाचवी: प्रत्यक्ष खरेदी

एफ अँड ओ सुरू करायला ब्रोकर उत्पन्नाचा पुरावा मागतो, तो आधी देऊन ठेवा. मग शांत दिवशी, बाजार उघडून तासभर झाल्यावर ऑप्शन चेन उघडा. एक्स्पायरीत तिसरा महिना निवडा. निफ्टीची मासिक एक्स्पायरी आता महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी असते. पुटच्या बाजूला 20000 PE या ओळीवर या. ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून उघडे असलेले करार, किती आहे बघा. मग मार्केट डेप्थ उघडा. समजा घेणाऱ्याचा भाव २२ आहे आणि विकणाऱ्याचा २९. इथे मार्केट ऑर्डर टाकलीत तर २९ द्याल, किंवा वरची रांग संपली तर त्याहूनही जास्त. लिमिट ऑर्डर टाका, २५ ला. दहा-पंधरा मिनिटं थांबा. नाही मिळाला तर २५.५०, मग २६. पंचवीस रुपयांच्या वस्तूवर चार रुपये म्हणजे सोळा टक्के, ते वर्षातून सहा वेळा द्यायचे नसतात.

ऑर्डरचा प्रकार बघून घ्या: एनआरएमएल, म्हणजे पुढे नेण्याचा. एमआयएस टाकलात तर ब्रोकर दुपारीच पोझिशन कापून टाकेल. आणि काही ब्रोकर फार दूरचे स्ट्राइक घेऊच देत नाहीत, ऑर्डर नाकारली जाते. हे पहिल्याच महिन्यात एक लॉट घेऊन तपासा.

व्हिक्स बघितल्याशिवाय घेऊ नका. शांत बाजारात २५ रुपयांना मिळणारा हाच तीन महिन्यांचा पुट, त्याचा आयव्ही ३८ झाला की दोनशे रुपयांच्या वर जातो. बातम्या वाईट यायला लागल्यावर विमा घ्यायला धावणारा माणूस आठपट हप्ता भरतो. तेव्हा रोलची तारीख आली असेल तर तीनऐवजी एकच लॉट घ्या, किंवा स्ट्राइक आणखी खाली न्या, पण वर्षाचं ठरलेलं बजेट मोडू नका.

एक गोष्ट अजिबात करू नका. हप्ता वसूल व्हावा म्हणून जवळचा पुट विकून त्या पैशात दूरचे पुट घ्यायचे, असं कोणी शिकवेल. पडझडीच्या पहिल्या टप्प्यात जवळचा पुट अंगावर येतो, मार्जिन वाढतं आणि दूरचा पुट कामाला येण्याआधीच ब्रोकर तुमची पोझिशन कापतो. विम्यासाठी फक्त खरेदी करायची.

पायरी सहावी: विकण्याचा नियम कागदावर

परत २०२० कडे येतो. १३ मार्चच्या त्या दिवसानंतर निफ्टी आणखी घसरला. २३ मार्चला तो एका दिवसात जवळपास १३ टक्के पडून ७,६१० वर बंद झाला. ९,५०० च्या पुटची नुसती आतली किंमत १,८९० झाली होती. एक्स्पायरी होती २६ मार्चला, तीन दिवसांनी. त्या दिवशी निफ्टी ८,६४१ वर बंद झाला आणि तोच पुट ८५९ ला सेटल झाला. तीन दिवसांत निम्म्याहून जास्त किंमत गेली. ज्यांनी "अजून पडेल" म्हणून ठेवले, त्यांच्या हातात निम्मे आले. आणि ज्यांनी १२ मार्चच्या आधीच पहिल्या पाचपटीला सगळे विकले, त्यांच्या हातात त्याहून कमी.

म्हणून मी तीन लॉट तीन वेगळ्या ठिकाणी विकतो. पहिला, भाव दिलेल्या प्रीमियमच्या पंधरापट झाला की. त्याने जवळपास एका वर्षाचा हप्ता निघतो, मन शांत होतं. दुसरा, निफ्टी स्ट्राइकला येऊन टेकला की. तिसरा ठेवायचा, पण एक्स्पायरीला दहा दिवस उरले की काहीही असो, विकायचा. हे नियम मी कागदावर लिहून वहीच्या पहिल्या पानाला चिकटवले आहेत, कारण २३ मार्चसारख्या दिवशी डोकं चालत नाही, घरात सगळे घाबरलेले असतात आणि स्क्रीनवरचा प्रत्येक आकडा खोटा वाटतो.

पैसे कुठे जाणार हेही त्याच कागदावर. आकडा आणि फंडाचं नाव. विकल्यावर पैसे ट्रेडिंग खात्यात पडून राहिले तर महिनाभरात बाजार वर येतो आणि हेजचा अर्धा उपयोग संपतो. विकलेल्या लॉटच्या जागी लगेच नवा पुटही घेऊ नका, तेव्हा तो सगळ्यात महाग असतो. व्हिक्स परत वीसच्या आसपास येईपर्यंत थांबा. त्या काळात विमा नसेल, हे मान्य करा.

कराचं एक पान

निफ्टी ऑप्शनचा नफा-तोटा बिगर-सट्टा व्यवसायाच्या उत्पन्नात धरला जातो. पगारदार माणसालाही आयटीआर-३ भरावा लागतो, दोन पुट घेतले तरी. वर्षाचा हप्ता हा व्यवसायाचा तोटा ठरतो. तो पगारातून वजा होत नाही, व्याजासारख्या इतर उत्पन्नातून होतो, नाहीतर आठ वर्षं पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तरच. त्यामुळे ही शिस्त पाळा. मोठी पडझड येईल त्या वर्षी पुटच्या नफ्यावर तुमच्या स्लॅबने कर लागेल. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर ४ लाख ६८ हजारांतले जवळपास एक लाख चाळीस हजार कराचे, त्यातून मागच्या वर्षांचा पुढे आणलेला तोटा वजा होईल तेवढा दिलासा. फंडातला तोटा मात्र भांडवली तोटा आहे, तो या नफ्यातून वजा होत नाही. वर मांडलेल्या एकोणीस वर्षांच्या हिशेबात हा कर धरलेला नाही. तो धरला की आकडा आणखी तुमच्या विरुद्ध सरकतो, म्हणून पहिला पुट घेण्याआधी तुमच्या सीएकडे बसून हे एक पान लिहून काढा.

रोलची तारीख मी कॅलेंडरवर खूण करून ठेवतो: एक आड एक महिन्याचा, मासिक एक्स्पायरीच्या नंतरचा पहिला बुधवार. त्या दिवशी पोर्टफोलिओची किंमत लिहायची, निफ्टी लिहायचा, लॉटचं गणित नव्याने करायचं. निफ्टी वाढला तर एका लॉटमागे झाकली जाणारी रक्कम वाढते, कधी तीनऐवजी दोनच लॉट पुरतात. मुलीच्या शिक्षणासाठी फंडातून १५ लाख काढले त्या वर्षी मी एक लॉट कमी केला होता. वहीत त्या तारखेसमोर तेवढंच लिहिलेलं आहे: इक्विटी कमी, लॉट दोन.